घोकंपट्टी करणारा विद्यार्थी आणि ओव्हरफिटिंग: ही उपमा कुठवर चालते?

फळा_खडू

मी पॉलिटेक्निकला शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ओव्हरफिटिंग समजावताना घोकंपट्टीचं उदाहरण हमखास दिलं जातं. ते वरवर सांगून सोडलं, तर मुलांच्या डोक्यात 'पाठांतर वाईट' एवढंच उरतं आणि खरी गोष्ट निसटते. म्हणून मी ते कसं मांडते ते इथे लिहिते. जाणकारांनी पुढे भर घालावी.

दोन मुली आहेत. दोघींकडे एकच गाइड, त्यात पन्नास सोडवलेली गणितं. एक गणित नळ-टाकीचं: एक नळ ६ तासांत टाकी भरतो, दुसरा ३ तासांत, दोन्ही सोडले तर किती वेळ? उत्तर २ तास. पहिल्या मुलीने तासाला किती भाग भरतो याचा हिशोब समजून घेतला. दुसरीने 'टाकी आली की २ तास' असं पाठ केलं. पेपरात १२ तास आणि ४ तास आले, तर पहिली ३ लिहील आणि दुसरी २.

इथपर्यंत सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. समजा, गाइडमध्ये एका गणिताचं उत्तर चुकीचं छापलंय. आता दोघींची परीक्षा त्याच गाइडवरून घ्या आणि गाइडमधल्या उत्तरांनुसार मार्क द्या. पाठांतरवालीला पन्नासपैकी पन्नास मिळतील, कारण तिने छपाईची चूकसुद्धा पाठ केली आहे. समजून घेणारीला एकोणपन्नास. म्हणजे अभ्यासाच्या साहित्यावर मोजलं तर घोकणारी हुशार ठरते! ओव्हरफिटिंगचं मर्म मला यात दिसतं. मॉडेल नुसतं डेटा लक्षात ठेवत नाही, डेटातल्या चुका आणि योगायोगही नियम समजून उचलतं, आणि त्याबद्दल ट्रेनिंगमध्ये त्याला शाबासकी मिळते.

आता आकड्यांत बघा. वर्गासाठी मी मुद्दाम बनवलेला डेटा आहे, कारण त्यामागचा खरा नियम आपल्याला माहीत असायला हवा. पोळी-भाजी केंद्रातून घरी डबा पोचायला लागणारा वेळ: तयारीची २० मिनिटं आणि दर किलोमीटरला ५ मिनिटं. त्यात सिग्नल, बंद लिफ्ट, मोकळा रस्ता यांमुळे होणारी दोन-तीन मिनिटांची इकडे-तिकडे मी हाताने मिसळली. २, ४, ६, ८, १० किलोमीटरला अनुक्रमे ३२, ३८, ५३, ५७, ७२ मिनिटं.

```python
import numpy as np
km   = np.array([2, 4, 6, 8, 10])
mins = np.array([32, 38, 53, 57, 72])

saral = np.polyfit(km, mins, 1)
ghok  = np.polyfit(km, mins, 4)

for d in (0, 12):
    print(d, round(np.polyval(saral, d), 1),
             round(np.polyval(ghok, d), 1))
```

`saral` ही सरळ रेषा आहे. ती पाचपैकी एकाही बिंदूतून नेमकी जात नाही, कुठे दीड तर कुठे सव्वातीन मिनिटांनी चुकते. `ghok` हा चार घातांचा वक्र पाचही बिंदूंतून अचूक जातो, ट्रेनिंगवरची चूक शून्य. मग दोघांनाही न पाहिलेलं अंतर विचारायचं. १२ किलोमीटरला रेषा ८०.१ मिनिटं सांगते (खरा नियम ८०), वक्र सांगतो १६२. शून्य किलोमीटरला, म्हणजे गिऱ्हाईक दारातच उभं असताना, रेषा २०.७ मिनिटं सांगते आणि वक्र ९७.

ती दोन-तीन मिनिटांची इकडे-तिकडे म्हणजे आपली छपाईची चूक. वक्राने तिला नियम मानलं आणि ती जपण्यासाठी स्वतःला पिळून वाकवलं.

विचारायचं हे आहे: ही उपमा कुठे तुटते? मुलं हुशार आहेत, अर्धवट उपमा दिली की नेमक्या त्याच जागी अडवतात.

कोकणकडा

मॅडम, छान लिहिलंय. माझ्या मते मुलांना एकच खूण सांगावी: ट्रेनिंगवर ९८-९९ टक्क्यांच्या वर गेलं की ओव्हरफिट झालं, तिथेच थांबवा. आमच्या टीममध्ये हाच नियम आहे. आणि उपाय एकच, डेटा वाढवा. बाकी सगळी मलमपट्टी.

रात्रपाळी

कोकणकडा, या खुणेने फसगत होईल. पन्नासपैकी पन्नास मिळवणारी मुलगी घोकणारीच असेल असं नाही. गाइडमध्ये एकही चूक नसेल आणि गणितं सोपी असतील, तर समजून घेणारीलाही पन्नासच पडतील. ट्रेनिंगचे मार्क एकटे काहीच सांगत नाहीत. ते आणि न पाहिलेल्या पेपराचे मार्क यांच्यात किती तफावत आहे ते बघायचं. ट्रेनिंगला ९९ आणि नवीन पेपराला ९८ असेल तर थांबवायचं कशाला? उलट ट्रेनिंगला ८५ आणि नवीन पेपराला ६० असेल, तर ९९ कधीच आलं नाही तरी मॉडेल घोकतंय.

डेटा वाढवण्याबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. मॅडमच्याच उदाहरणात पाचच्या जागी पाचशे फेऱ्यांची नोंद असती, तर चार घातांच्या वक्राला प्रत्येक बिंदूतून जाणं शक्यच झालं नसतं. त्याच्याकडे वाकायला पाचच आकडे आहेत. इतक्या फेऱ्यांमधल्या चुका एकमेकींना खोडतात आणि निदान नोंदी आहेत तेवढ्या अंतरात वक्र आपोआप रेषेच्या जवळ येतो. पण वाढवलेला डेटा खरोखर नवा हवा. त्याच पाच फेऱ्या शंभर वेळा उतरवल्या तर पाचशे ओळी होतात आणि वक्र तसूभरही हलत नाही.

सायली_आई

धागा वाचून राहवलं नाही. माझी मुलगी दहावीत आहे. गणिताची उत्तरं अक्षरशः पाठ करते. घरी घेतलेल्या पेपरात ९० आणि शाळेच्या सहामाहीत ५५. क्लासचे सर म्हणतात सराव वाढवा. तिच्याकडून तीच प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवून घेतेय. काही फरक नाही. तुम्ही लोक नेमकं काय करायला सांगाल? हे मॉडेल वगैरे मला कळत नाही.

फळा_खडू

सायलीच्या आई, धागा संगणकाबद्दल आहे, पण तुम्ही लिहिलेलं इथे तंतोतंत बसतं. तीच प्रश्नपत्रिका पुन्हा दिली की घरचे मार्क वाढतात, कारण ती त्या पेपरात तरबेज होते. त्या ९० वरून तिला विषय किती येतो हे कळणार नाही. आकडे बदलून द्या. मग तिला उत्तर न काढता 'पहिली पायरी काय असेल' एवढंच विचारा. आणि सहामाहीचा पेपर घेऊन तिच्यासोबत बसा, कुठल्या गणितात अडली आणि कुठल्या पायरीवर, ते बघा. सगळीच गणितं पाठ केलेली नसतील. एखाद-दुसऱ्या धड्याचा पाया कच्चा असतो आणि मुलं तेवढा भाग पाठांतराने भरून काढतात.

सायली_आई

धन्यवाद मॅडम. बीजगणितातच अडते असं दिसतंय, भूमितीत नाही. बसते तिच्याबरोबर.

वक्ररेषा

मॅडम, उदाहरणावर एक आक्षेप. तुमचा डेटा २ ते १० किलोमीटरचा आणि तुम्ही विचारता ० आणि १२. हे तर अभ्यासक्रमाबाहेरचं झालं. डेटाच्या बाहेर जाऊन अंदाज बांधला की भलेभले तोंडावर आपटतात, रेषासुद्धा आपटू शकते. तिला फायदा झाला कारण खरा नियम सरळ रेषेचा आहे हे तुम्हीच ठरवलंत. याला ओव्हरफिटिंगचा पुरावा म्हणणं मला पटत नाही.

रात्रपाळी

आक्षेप रास्त आहे. म्हणून त्याच पाच आकड्यांत, डेटाच्या आत राहून बघू. एक बिंदू झाकायचा, उरलेल्या चारांवर शिकवायचं आणि झाकलेला बिंदू विचारायचा. हा हिशोब कागदावरही होतो.

मधला, ६ किलोमीटरचा बिंदू झाका. उरलेल्या चार बिंदूंतून नेमका जाणारा तीन घातांचा वक्र तिथे ४६ मिनिटं सांगतो. त्याच चारांवर बसवलेली रेषा ४९.७५ सांगते. नोंद होती ५३. वक्र ७ मिनिटांनी चुकला, रेषा सव्वातीन. शेजारी दोन्ही बाजूंना डेटा असतानाही वक्राची चूक दुपटीहून जास्त आहे.

आता कडेचा, १० किलोमीटरचा झाका. वक्र म्हणतो ३० मिनिटं. आठ किलोमीटरला ५७ लागतात आणि दहाला ३०! रेषा म्हणते ६७.५. नोंद ७२.

सगळे पाचही बिंदू दिले तरी मॅडमचा चार घातांचा वक्र ३ किलोमीटरला सुमारे ३१ मिनिटं सांगतो, म्हणजे २ किलोमीटरच्या ३२ पेक्षाही कमी. हे तर पूर्ण अभ्यासक्रमातलं आहे.

तुमच्या म्हणण्यातलं खरं इतकंच की घोकणारा मधल्या प्रश्नांत बऱ्यापैकी निभावून नेतो आणि कडेला उघडा पडतो. त्यामुळे टेस्टमध्ये फक्त मधले प्रश्न आले तर दोष झाकला जातो.

वक्ररेषा

एक-एक झाकून बघण्याचं पटलं, ६ किलोमीटरचा आकडा बोलका आहे. पण खरा नियम वाकडा असता, समजा संध्याकाळच्या गर्दीमुळे लांबच्या अंतराला प्रमाणाबाहेर वेळ लागत असता, तर रेषा 'मठ्ठ' ठरली असती. तिला गाइडमधलंही नीट जमलं नसतं. नियम किती वाकडा आहे हे आधी माहीत नसताना कुठला वक्र घ्यायचा, हा प्रश्न उरतोच.

रात्रपाळी

उरतो. पाच नोंदींवरून तो सुटणारही नाही. एक घात, दोन घात, तीन घात असं प्रत्येकाला झाकलेल्या नोंदींवर तपासून ज्याची चूक कमी ते घ्यायचं, ही रोजची रीत आहे. दुसरी रीत म्हणजे घात जास्तच ठेवायचे, पण वक्राला वाकण्याचा दंड लावायचा. गुणक जितके मोठे तितका दंड जास्त. मग तो एखाद्या मिनिटाच्या फरकासाठी कोलांटउडी मारत नाही. दंड किती लावायचा हेही झाकलेल्या नोंदींवरूनच ठरवावं लागतं, त्यामुळे फिरून आपण तिथेच येतो.

सांगलीकर_दवाखाना

मी छातीच्या एक्स-रेंवर काम करते, म्हणून मला धास्ती वाटते ती त्या झाकण्याच्याच पायरीची. कारण पेपर फुटतो, आणि कुणी मुद्दाम फोडत नाही.

एका ठिकाणी मला मॉडेल तपासायला दिलं होतं. टेस्टचे आकडे डोळे दिपवणारे. एक्स-रेंची सरमिसळ करून ऐंशी टक्के ट्रेनिंगला आणि वीस टक्के टेस्टला ठेवले होते. पण एकेका रुग्णाचे चार-पाच एक्स-रे होते, दाखल झाला तेव्हाचा, दोन दिवसांनी, घरी जाताना. सरमिसळ एक्स-रेंची केली, रुग्णांची नाही. त्यामुळे एकाच माणसाचा सोमवारचा फोटो ट्रेनिंगमध्ये आणि बुधवारचा टेस्टमध्ये. त्या माणसाच्या बरगड्यांची ठेवण, पेसमेकर, जुनं फ्रॅक्चर सगळं मॉडेलने पाहिलेलं. ते आजार ओळखत नव्हतं, माणूस ओळखत होतं. रुग्णवार वाटणी केली आणि आकडे धाडकन खाली आले.

मॅडमच्या मुलांना हे जरूर सांगा. डबा पोचवणाऱ्यांचा खरा डेटा असेल तर एकाच सोसायटीच्या फेऱ्या दोन्हीकडे जाऊ देऊ नका. तिथली लिफ्ट कायमची बंद असेल तर मॉडेल ती सोसायटी पाठ करेल आणि टेस्टमध्येही मार्क मिळवेल. नवीन सोसायटी आली की संपलं.

कोकणकडा

हेच ते प्रसिद्ध उदाहरण ना? २०१८ चं, न्यूमोनिया ओळखणारं मॉडेल प्रत्यक्षात हॉस्पिटल ओळखत होतं. तेही ओव्हरफिटिंगच.

सांगलीकर_दवाखाना

ते वेगळं, आणि तो फरक मला कळीचा वाटतो. त्या अभ्यासात न्यूयॉर्कच्या माउंट सायनायचे एक्स-रे होते आणि अमेरिकेतल्याच इतर दोन संस्थांचे. माउंट सायनायच्या संचात न्यूमोनियाचं प्रमाण सुमारे ३४ टक्के, बाकी दोन्हीकडे १ टक्क्याच्या आसपास. मग मॉडेलला फुप्फुस न बघताही बरंच साधतं: फोटो कुठल्या हॉस्पिटलचा हे ओळखलं की अंदाज बांधता येतो. आणि हॉस्पिटल ओळखणं त्याला फारच सोपं गेलं.

पण बघा, त्याच संचातले न पाहिलेले रुग्ण दिले तर हे मॉडेल उत्तम मार्क मिळवतं. ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये तफावत दिसत नाही. रात्रपाळींनी सांगितलेली खूण इथे लागूच पडत नाही. बाहेरच्या हॉस्पिटलचे फोटो दिल्यावरच ते उघडं पडतं. घोकणाऱ्या मुलीच्या भाषेत सांगायचं, तर तिने उत्तरं पाठ केलेली नाहीत. पेपर काढणाऱ्या सरांची सवय तिला कळली आहे, आणि बोर्डाचा पेपरही त्याच सरांनी काढला तर ती पहिली येईल. मी याला ओव्हरफिटिंग म्हणत नाही.

रात्रपाळी

मी म्हणेन. माझ्या लेखी डेटातल्या योगायोगाला नियम समजणं हीच व्याख्या. योगायोग एका नोंदीतला असो की सगळ्या संचातला.

सांगलीकर_दवाखाना

मग उपाय चुकीचा निवडला जाईल, मला भीती त्याची आहे. छपाईच्या चुकीवर तुमचा दंड चालतो, जास्त नोंदी चालतात. इथे त्याच हॉस्पिटलांमधून आणखी लाखभर फोटो आणले तर ती सवय अजून पक्की होते. शब्द काहीही वापरा, पण दोन्ही आजारांना एकच औषध नको.

अनुस्वार

उपमा कुठे तुटते असं मॅडमनी विचारलं होतं, त्यावर माझं उत्तर. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग मांडला होता. सिफार-१० नावाचा चित्रसंच आहे, ट्रेनिंगला पन्नास हजार छोटी चित्रं, दहा प्रकार: विमान, मांजर, बेडूक, ट्रक वगैरे. त्यांनी सगळ्या चित्रांची नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी बदलून टाकली. मांजराला ट्रक, ट्रकला बेडूक. समजून घेण्यासारखं काही शिल्लकच ठेवलं नाही. तरीही न्यूरल नेटवर्कने पन्नास हजारच्या पन्नास हजार उत्तरं पाठ केली. नवीन चित्रांवर अर्थातच दहात एक, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवल्यासारखं.

पण तेच नेटवर्क, त्याच आकाराचं, खऱ्या नावांवर शिकवलं तर नवीन चित्रंही व्यवस्थित ओळखतं. म्हणजे अख्खं गाइड तोंडपाठ करण्याची ताकद त्याच्यात आहे, खरी नावं दिली तेव्हाही ट्रेनिंगवर ते शंभरापर्यंत पोचतं, आणि तरी समजून घेतल्यासारखं वागतं. घोकणारी आणि समजून घेणारी अशा दोन वेगळ्या मुली तिथे राहत नाहीत.

फळा_खडू

अनुस्वार, हे फार कामाचं आहे. म्हणजे माझ्या चार घातांच्या वक्राचा धडा मोठ्या नेटवर्कला सरळ लावता येत नाही?

अनुस्वार

पूर्णपणे नाही. २०१९ मध्ये बेल्किन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मॉडेलचा आकार वाढवत गेलं, तर नवीन डेटावरची चूक आधी कमी होते, मग वाढते. मॉडेल जेमतेम सगळा डेटा पाठ करू शकेल त्या टप्प्यावर ती सर्वांत वाईट असते. तुमचे पाच बिंदू आणि पाच गुणक हा बरोबर तोच टप्पा आहे. त्याच्याही पुढे आकार वाढवत नेला तर चूक पुन्हा उतरू लागते. जेमतेम पाठ करणाऱ्याला सगळं कोंबायला पिळून वाकावं लागतं. ज्याच्याकडे जागा भरपूर आहे, त्याच्याजवळ पाचही बिंदूंतून जाण्याच्या असंख्य वाटा असतात आणि शिकवण्याची पद्धत त्यातली सौम्य वाट निवडते, असं एक स्पष्टीकरण आहे. ते सगळीकडे पुरतं का, यावर अजून वाद आहेत.

वक्ररेषा

'सौम्य वाट निवडते' यावर माझं समाधान होत नाही. सौम्य कशाच्या मानाने? वक्रात गुणक लहान असणं म्हणजे सौम्य, हे कळतं. चित्रांच्या बाबतीत सौम्य म्हणजे काय ते कुणी आधी सांगावं, नाहीतर निकाल चांगला आला की त्यालाच सौम्य म्हणायचं असं होईल.

अनुस्वार

हीच त्यातली उघडी बाजू आहे. एका थराच्या साध्या मॉडेलांसाठी गणिताने दाखवता येतं की शिकवण्याची पद्धत कुठल्या उत्तराकडे ओढली जाते. खोल नेटवर्कसाठी तितकी स्वच्छ सिद्धता माझ्या वाचनात नाही.

कोकणकडा

मग आमचा ९९ टक्क्यांचा नियम काढून टाकायचा म्हणता? त्याजागी ठेवायचं काय? मॅनेजरला एक आकडा लागतो.

रात्रपाळी

एक आकडा हवाच असेल तर झाकून ठेवलेल्या संचावरचा द्या, ट्रेनिंगचा नको. शिकवताना दर फेरीनंतर दोन्ही आकडे लिहून ठेवा. ट्रेनिंगची चूक उतरत राहते आणि झाकलेल्या संचावरची एका ठिकाणी तळ गाठून वर चढू लागते. सलग काही फेऱ्या ती चढतच राहिली तर थांबा आणि तळाशी होतं ते मॉडेल ठेवा. पण ज्या संचाकडे बघून तुम्ही थांबलात, तो तुमची प्रिलिम झाली. मॅनेजरला द्यायचा आकडा तिसऱ्या संचाचा, जो तोवर कुणी उघडलेला नाही आणि शेवटी एकदाच उघडायचा. सांगलीकरांनी सांगितलं तसं आधी विचारा: वाटणी ओळींची केलीय, माणसांची, की तारखांची? तुमचा डेटा कशाचा आहे?

कोकणकडा

बाजारसमितीतल्या कांद्याच्या भावाचा. रोजच्या नोंदी, सरमिसळ करूनच वाटतो.

सांगलीकर_दवाखाना

मग मंगळवारचा भाव सांगताना मॉडेलने सोमवारचा आणि बुधवारचा दोन्ही पाहिलेले असतात. तारखेने कापा. एका दिवसापर्यंतचं ट्रेनिंगला, त्यानंतरचं टेस्टला. आकडे पडतील, त्यासाठी मॅनेजरला आधीच कल्पना देऊन ठेवा.

कोकणकडा

आज रात्री तसं कापून चालवतो. दोन्ही आकडे इथे टाकेन.